वावराचा सौदा: समोरचा काहीतरी लपवतो हे कळतं, पण तोंडावर म्हणता येत नाही

धुऱ्यावरचा_बाभूळ | 11 फेब्रुवारी

मंडळी, नमस्कार. दिग्रसकडच्या आमच्या गावात चार एकर वावर विकायला निघालं आहे. आमच्या धुऱ्याला लागून आहे, म्हणून घ्यायची इच्छा आहे. विकणारे माझ्या सासऱ्यांच्या रोजच्या बैठकीतले, मी त्यांना काकाजी म्हणतो. भाव एकरी 9 लाख, म्हणजे 36 लाख.

काकाजींचं म्हणणं असं: पूर्ण चार एकर ओलीत आहे, विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. सातबारा कोरा आहे. बाकी कोणाचा हक्क नाही. आणि अमरावतीचा एक डॉक्टर 10 लाखानं मागतोय, पण 'तू घरचा' म्हणून मला 9.

आता माझी अडचण. विहिरीचं विचारलं की काकाजी पावसापाण्यावर बोलायला लागतात. गहू फक्त अर्ध्या वावरात उभा आहे, बाकी अर्धं तूर काढून रिकामं. 'यावर्षी मजूर भेटले नाही' म्हणाले. मला खोटं पकडून कोणाची इज्जत काढायची नाही. उद्या सासऱ्यांना त्याच पारावर बसायचं आहे. पण 36 लाखही डोळे मिटून द्यायचे नाहीत. 'तुम्ही खोटं बोलता' असं न म्हणता खरं कसं काढायचं? कोणी असा सौदा केला असेल तर सांगा.

संत्रा_मोसंबी | 11 फेब्रुवारी

डॉक्टर प्रत्येक सौद्यात असतो. आमच्या वरुडकडे तो नागपूरचा असतो.

खडू_फळा | 11 फेब्रुवारी

सातबारा ऑनलाइन काढा. कोरा असेल तर विषय संपला. बहीणभावांची काळजी वाटत असेल तर वकिलाकडून पेपरात जाहीर नोटीस द्या, 15 दिवसांत कोणी आलं नाही की सगळ्यांचे हक्क संपले. माझ्या मेव्हण्यानं असंच केलं, काही त्रास झाला नाही.

जुना_बस्ता | 11 फेब्रुवारी

खडू_फळा, तुमच्या मेव्हण्याला त्रास झाला नाही हे चांगलं झालं, पण हक्क संपले म्हणून नाही. कोणी भांडायला आलं नाही म्हणून. जाहीर नोटिशीनं कोणाचा वारसाहक्क जात नाही. घेणाऱ्यानं चौकशी केली होती, एवढंच कोर्टात दाखवता येतं. आणि सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. माझी नोकरी याच बस्त्यांमध्ये गेली, म्हणून सांगतो.

बाभूळभाऊ, तुमच्या प्रश्नात चार वेगवेगळी विधानं आहेत. चारही एकाच माणसाला विचारून तपासता येत नाहीत. कागदावरची दोन आधी कागदालाच विचारा.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे दिसतो. भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 ते पाहा. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग खाली जा. 'प्रलंबित फेरफार' आणि शेवटचा फेरफार क्रमांक तिथे असतो. लोक वरचं नाव वाचतात आणि उतारा घडी करून खिशात घालतात, खाली कोणी पाहतच नाही.

आता खरी जागा. मालकाच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. काकाजींच्या नावावर जमीन वडिलांकडून आली असेल तर त्या वारस फेरफाराची नक्कल काढा. वडील वारले तेव्हा वारस म्हणून कोणाकोणाची नावं दिली, ते त्यात असतं. फक्त भावांची नावं देऊन मोकळे झालेले फेरफार मी भरपूर पाहिले आहेत. मुलींचा हिस्सा 1956 च्या वारसा कायद्यापासून आहे आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर तो आणखी पक्का झाला. बहिणीनं तोंडी 'मला नको' म्हटलं असेल तर त्याला अर्थ नाही, हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं लागतं.

यात काकाजींवर आरोप कुठे आला? नक्कल तुम्ही स्वतः काढता.

पऱ्हाटीचं_बोंड | 11 फेब्रुवारी

लपवणाऱ्याचं म्हणाल तं आमच्या गावात खेडा खरेदीले येते तो व्यापारी. कापसाले काटा लावला की प्रत्येक गाठोड्यामागं दीड-दोन किलो गायब! मी काय केलं, कापूस मोजायच्या आधी म्हटलं, 'भाऊ, हे युरियाची बंद थैली जरा ठेवून पाह्य, मले वाटते दुकानदारानं कमी देल्ली.' युरियाची थैली आता 45 किलोची. काट्यावर 43 आली! मी म्हटलं, 'पाह्य, दुकानदार कसा लुटते.' त्याचं तोंड पाह्यण्यासारखं झालं. काटा 'सेट' करून परत मोजला तं 45. त्याले मी एक शब्द बोललो नाई.

संत्रा_मोसंबी | 11 फेब्रुवारी

हे भारी आहे. पण इथे विहीर काट्यावर कशी ठेवायची?

जुना_बस्ता | 12 फेब्रुवारी

संत्रा_मोसंबी, तुम्ही हसण्यावारी नेलं, पण बोंडभाऊंनी केलं तेच विहिरीचं करायचं. त्यांनी काट्याला असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं.

वावर_ना_पांदण | 12 फेब्रुवारी

आम्ही आर्णीकडे 2019 मध्ये तीन एकर घेतलं, विहिरीवरच फसलो. पाहायला गेलो तेव्हा पाणी अगदी वरती, हात लावावा इतकं. नंतर कळलं की आम्ही येणार म्हणून पंधरा दिवस मोटारच लावली नव्हती. पाणी साठणारच ना! एप्रिलमध्ये मोटार चाळीस मिनिटांत हवा ओढायला लागली. म्हणून पातळी पाहून काही कळत नाही. विहीर उपसून पाहावी लागते, आणि मग ती किती वेळात भरते ते मोजावं लागतं.

झिरा_आणि_मोट | 12 फेब्रुवारी

वर बरोबर सांगितलंय. मी विहिरींची कामं घेतो, थोडं हिशेबानं सांगतो.

विहिरीचा व्यास मोजा. समजा 18 फूट आहे. अशा विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण 7,200 लिटर. संध्याकाळी मोटार लावून पाणी झऱ्यापर्यंत खाली उतरवा, मोटार बंद करा, दोरीला दगड बांधून पातळी मोजून ठेवा. सकाळी, म्हणजे बारा तासांनी, पुन्हा मोजा. जितके फूट चढलं तितकी विहिरीची रोजच्या अर्ध्या दिवसाची कमाई.

दुसरी बाजू वावराची. एका एकरावर दोन इंच पाणी द्यायचं तर दोन लाख लिटरच्या आसपास लागतं. गव्हाला सरीनं किंवा वाफ्यानं पाणी देता तेव्हा एका पाळीत इतकं जातंच. आता चार एकराला किती दिवसांची पाळी बसते ते काढा. पाळी बारा-पंधरा दिवसांत फिरली तर चार एकर ओलीत म्हणणं खरं. वीस दिवसांवर गेली तर गव्हाला ताण बसतो, हरभरा तेवढ्यावर निघेल. तुषार लावले तर पाणी कमी लागतं, ते वेगळं.

एक सावधगिरी. विहीर रिकामी असताना झरे जोरात येतात, पाणी वर चढलं की वेग मंदावतो. त्यामुळे पहिल्या दोन तासांवरून बारा तासांचा हिशेब काढू नका, पूर्ण रात्र थांबा. आणि फेब्रुवारीची रात्र म्हणजे मेची रात्र नाही.

धुऱ्यावरचा_बाभूळ | 12 फेब्रुवारी

झिराभाऊ, हिशेब समजला. पण उपसून पाहायचं म्हणजे 'तुमच्यावर विश्वास नाही' असंच झालं ना?

लाडकी_नणंद | 12 फेब्रुवारी

आमच्याकडे मुलाच्या स्थळाचं असंच झालं. पगार 60 हजार सांगितला, निघाला 22. आम्ही विचारलंच नाही, वाईट दिसेल म्हणून. नंतर सगळ्यांनाच वाईट दिसलं.

सातबारा_आणि_चहा | 12 फेब्रुवारी

नणंदताई, इथे वावर घ्यायचंय, नवरा नाही 😄

लाडकी_नणंद | 12 फेब्रुवारी

माहीत आहे. दोन्हीत विचारायची लाज सारखीच असते.

जुना_बस्ता | 13 फेब्रुवारी

ताई बरोबर बोलल्या. आणि त्यावर बाभूळभाऊंसाठी एक गोष्ट.

'विहीर चांगली आहे ना?' असं विचारलं की माणूस 'हो' म्हणतो. प्रश्नातच 'हो' ठेवलेलं असतं. 'अजून काही सांगायचं राहिलं का?' यालाही उत्तर 'काही नाही'. या दोन्हींत त्याला काही खोटं घडवावं लागत नाही, गप्प राहिलं तरी भागतं. त्याऐवजी अडचण आहेच असं धरून विचारा: 'काकाजी, पाणी कमी व्हायला लागते ते कोणत्या महिन्यात? तेव्हा मोटार किती वेळ चालते?' आता 'कमी होतच नाही' म्हणायला त्यांना सरळसरळ खोटं बोलावं लागेल. पारावर बसणारा माणूस गप्प राहून लपवतो, पण तोंडानं उघड खोटं बोलायला कचरतो. बहुतेक वेळा 'मार्चच्या शेवटी जरा...' असं काहीतरी बाहेर येतं.

बहिणींचंही तसंच. 'बहिणींचा हक्क आहे का?' असं विचारू नका. म्हणा, 'रजिस्ट्रीच्या दिवशी ताई येतीलच, जेवण किती जणांचं सांगू?' मग उत्तरापेक्षा चेहरा पाहा.

खडू_फळा | 13 फेब्रुवारी

हे मला पटलं नाही. हे तर आपणच नाटक करतोय. आणि काही लोक 'बँक मागते म्हणून कागद द्या' असं सांगायचा सल्ला देतात. कर्ज घ्यायचंच नसेल तर तेही खोटंच की. समोरचा लपवतो म्हणून आपण गोड खोटं बोलायचं का?

जुना_बस्ता | 13 फेब्रुवारी

बँकेचं खोटं सांगू नका, हे मान्य. पण खरोखर वकील लावा आणि त्याला तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगा. मग 'वकील मागतात' हे खरंच असतं. सूची 2 मध्ये नोंदणी झालेले जुने व्यवहार दिसतात, सातबाऱ्यावर न चढलेलेही. जेवणाचं विचारणं मी नाटक मानत नाही. ताईंची सही लागणारच, मग त्या जेवायलाही येणार.

खडू_फळा | 13 फेब्रुवारी

बरं. अर्धं पटलं.

खारपाण_दर्यापूर | 13 फेब्रुवारी

आमच्याकडे विहीर वर्षभर भरलेली असते. पाणी इतकं खारं की पीक जळते. पाणी आहे का, याच्या आधी कसं आहे ते पाहा. तोंडात टाकून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.

झिरा_आणि_मोट | 13 फेब्रुवारी

दिग्रसकडे खारपाणपट्टा नाही, दादा. पण पाण्याचा नमुना तपासून घेणं चुकीचं नाही.

वावर_ना_पांदण | 13 फेब्रुवारी

आणखी एक. ई-पीक पाहणीवर गहू दिसला म्हणून ओलीत समजू नका. विम्यासाठी न पेरलेलं पीक लावणारेही आहेत, आणि जुन्या वर्षांत तलाठ्यानं मागच्या वर्षीचंच उतरवलेलं असायचं. वीजबिलही बघितलं तर मोटार किती चालली ते कळेलच असं नाही, कित्येक कृषी पंपांना मीटर नाही, अश्वशक्तीवर बिल येतं. थकबाकी मात्र ग्राहक क्रमांक टाकला की दिसते.

सगळ्यात खरं सांगतो तो बटईदार. काकाजींचं वावर गेली चार-पाच वर्षं बटईनं कोणी केलं असेल तर त्याला भेटा. त्याला वावर विकायचं नाही, खोटं बोलायचं कारण नाही.

पऱ्हाटीचं_बोंड | 13 फेब्रुवारी

कारण असू शकते. वावर विकलं तं त्याची बटई जाते. तो म्हणंन, 'पाणीच नाई जी, घेऊ नका.'

वावर_ना_पांदण | 13 फेब्रुवारी

हे डोक्यात आलं नव्हतं. मग पाणी आहे का असं विचारू नका. 'गव्हाला पाळी किती दिवसांनी यायची?' असं विचारा. दिवसांचा आकडा सांगितला की झिराभाऊंच्या हिशेबाशी जुळवता येतो.

सातबारा_आणि_चहा | 13 फेब्रुवारी

तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, पण नक्कल मिळायला चपला तितक्याच झिजतात. जुने फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख'वर मिळतात, आधी तिथे शोधा.

धुऱ्यावरचा_बाभूळ | 3 मार्च

उशीर झाला, माफ करा. काय काय झालं ते सांगतो.

वारस फेरफार काढला. काकाजींचे वडील 2011 मध्ये वारले. वारस म्हणून दोन भाऊ, आणि पुढे एका भावाचं वाटणीपत्र. बहिणीचं नाव नाही. एक बहीण आहे, वर्ध्याला दिलेली. मी काकाजींना फेरफाराबद्दल काहीच बोललो नाही. सासऱ्यांसमोर नाही, घरी एकटे असताना जेवणाचं विचारलं. काकाजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'तिला अजून सांगितलंच नाही रे.' मी म्हटलं, 'मग अक्षय तृतीयेला येतीलच, तेव्हा बोला. सही झाली की मग इसार.' यावर रागावले नाहीत. मला तर वाटलं, हलके झाले.

विहिरीचं जुना_बस्ता यांनी सांगितलं तसंच विचारलं. 'मार्चपासून जरा सांभाळून चालवतो' असं म्हणाले. पहिल्यांदाच. मग मी म्हटलं की मला पुढे तुषार बसवायचे आहेत, त्यासाठी झिरा किती आहे ते मोजावं लागेल. हे खरंच आहे, मला तुषार बसवायचेच आहेत. स्वतः दोरी धरायला आले.

विहीर 18 फुटी. बारा तासांत तीन फूट चढली.

झिरा_आणि_मोट | 3 मार्च

म्हणजे रात्रीत 21-22 हजार लिटर, दिवसाला 43 हजाराच्या आसपास. एका एकराला दोन लाख म्हटलं तर पाच दिवस, चार एकराला एकोणीस-वीस दिवसांची पाळी. चार एकर गहू नाही होणार. दोन एकर आरामात. त्यांनी अर्ध्यातच गहू का पेरला ते कळलं.

संत्रा_मोसंबी | 3 मार्च

मजूर भेटले नाही म्हणून 😀

धुऱ्यावरचा_बाभूळ | 3 मार्च

मीही तिथेच पोचलो. गावात कोरडवाहू वावर साडेसहा लाखानं जातं. म्हणून मी म्हटलं, दोन एकर ओलीत 9 प्रमाणे 18, दोन कोरडवाहू साडेसहा प्रमाणे 13, एकूण 31 लाख. खोटं बोललात असं कुठेच आलं नाही, फक्त फूट आणि दिवस. काकाजी म्हणाले, 'मे मध्येही एवढंच पाणी असते.' आता अडकलो, मे यायला दोन महिने आहेत.

जुना_बस्ता | 3 मार्च

मग भांडू नका, त्यांचंच म्हणणं करारात घ्या. 31 ला सौदा. 15 मे ला दोघांसमोर पुन्हा तशीच मोजणी. तीन फूट किंवा जास्त चढलं तर तुम्ही वर 2 लाख द्याल. दीड फुटाच्या खाली गेलं तर 1 लाख कमी. सौदाचिठ्ठीत व्यास, तारीख, आधी उपसायचं, बारा तास, सगळं लिहा. आणि पंधरा दिवस मोटार बंद ठेवायची नाही हेही लिहा, नाहीतर वावर_ना_पांदण यांचीच गोष्ट परत होईल. दोन्ही बाजूंनी ठेवा. फक्त कापायची अट ठेवली की माणसाला चोर म्हटल्यासारखं वाटतं.

धुऱ्यावरचा_बाभूळ | 9 मार्च

विचारलं. ती अट नको म्हणाले. 'इतकं लिहीत बसायचं नाही' म्हणाले. पण स्वतःहून 36 वरून 32 वर आले, आणि डॉक्टरचं नाव काढलं नाही.

पऱ्हाटीचं_बोंड | 9 मार्च

अट नको म्हणजे मे मधलं पाणी त्यांले माहीत हाये. सरळ 30 म्हणा.

खडू_फळा | 9 मार्च

असंच नाही. म्हाताऱ्या माणसाला लिखापढीचीच भीती असते. माझे वडीलही सहीच्या कागदाला हात लावत नाहीत. नकारावरून खोटं ठरवू नका.

जुना_बस्ता | 9 मार्च

दोघंही बरोबर असू शकता, म्हणूनच नकार हा पुरावा धरता येत नाही. पण 32 लाख देताना तुम्ही मेचं पाणी विकत घेता आहात की फेब्रुवारीचं, ते तुमच्या मनाशी ठरवा.

वावर_ना_पांदण | 10 मार्च

बटईदार भेटला का?

धुऱ्यावरचा_बाभूळ | 10 मार्च

भेटला. गव्हाला पाळी अठरा दिवसांनी यायची म्हणाला. झिराभाऊंच्या एकोणीसशी जुळतं. मेचं विचारलं तर म्हणाला, 'मे मध्ये मी वावरात जातच नाही जी.'

मी 31 वरच थांबलोय. भाव अक्षय तृतीयेपर्यंत उभा आहे असं काकाजींना सांगितलं. ताई वर्ध्याहून येतील तेव्हा सासरेही सोबत असतील. पारावर अजून कोणाला काही कळलेलं नाही, एवढं बरं आहे.

सातबारा_आणि_चहा | 10 मार्च

जेवण किती जणांचं सांगायचं ते तरी ठरलं का?

धुऱ्यावरचा_बाभूळ | 10 मार्च

अकरा. ताईंचे यजमान आणि दोन मुलं धरून.